धरणं, पूल आणि उतरता डिस्काउंट रेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिव्हिलचे विद्यार्थी, पाटबंधारे खात्यातली मंडळी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे वाचक यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले प्रकल्प कल्पित आहेत, आकडेमोड मात्र खरी आहे. सगळ्या रकमा आजच्या किमतींत धरल्या आहेत, म्हणजे महागाई वजा करून.

१. डिस्काउंट रेट म्हणजे नेमकं काय? बँकेचं व्याज आणि हा दर एकच का?

प्रकल्पाचा खर्च आज होतो आणि फायदा पुढची कित्येक वर्षं मिळत राहतो. दोन्हींची तुलना करायची तर पुढचे रुपये आजच्या रुपयांत आणावे लागतात. त्यासाठी दरवर्षी ज्या टक्क्याने पुढची रक्कम घटवत न्यायची, तो डिस्काउंट रेट. ३.५ टक्के दराने पुढच्या वर्षीचे १०० रुपये आज ९६ रुपये ६२ पैशांचे धरले जातात. तीस वर्षांनंतरचे १०० रुपये आज ३५ रुपये ६३ पैशांचे.

बँकेच्या व्याजाशी गल्लत होते ती दोन कारणांनी. एक तर बँकेच्या व्याजात महागाई मिसळलेली असते. कर्ज ८ टक्क्यांनी मिळालं आणि महागाई ५ टक्के असेल, तर खरा दर साधारण ३ टक्केच. दुसरं म्हणजे बँक आपल्या पैशाचा हिशेब मांडते, तर सार्वजनिक प्रकल्पाचा डिस्काउंट रेट समाजाचा हिशेब मांडतो: आजच्या लोकांनी किती सोडलं आणि उद्याच्या लोकांना किती मिळालं. आजच्या किमतींतल्या फायद्यांना महागाईसकटचा दर लावला, तर लांबचे फायदे विनाकारण चिरडले जातात. प्रकल्प अहवालांत ही चूक सर्रास आढळते.

२. उतरता डिस्काउंट रेट म्हणजे काय? दर दरवर्षी बदलतो का?

वर्ष जितकं लांबचं, तितका त्याला लावायचा दर कमी, हा उतरता डिस्काउंट रेट. तो दरवर्षी बदलत नाही, बहुतेक ठिकाणी टप्पे ठरवलेले असतात. सर्वांत जास्त उल्लेख होतो तो ब्रिटनच्या अर्थ खात्याच्या ‘ग्रीन बुक’चा. सरकारी प्रकल्प कसे तपासायचे, हे सांगणारी ही मार्गदर्शिका. तिच्या २००३ च्या आवृत्तीत हे टप्पे आले:

| वर्षं | दर |
|---|---|
| ० ते ३० | ३.५ टक्के |
| ३१ ते ७५ | ३ टक्के |
| ७६ ते १२५ | २.५ टक्के |
| १२६ ते २०० | २ टक्के |
| २०१ ते ३०० | १.५ टक्के |
| ३०१ पासून पुढे | १ टक्का |

इथली वर्षं हिशेब मांडल्याच्या दिवसापासून मोजायची. २०६० साल आलं म्हणून दर खाली येणार, असा याचा अर्थ नाही. ‘आजपासून ८० वर्षांनी जे होणार आहे’ ते आजच्या तारखेला आणताना वाटेतल्या दूरच्या वर्षांना कमी दर लावायचा, एवढाच अर्थ आहे.

३. एवढा खटाटोप कशासाठी? एकच दर ठेवला तर काय बिघडतं?

तीस-चाळीस वर्षांच्या प्रकल्पात फारसं बिघडत नाही. शंभर वर्षांचा प्रकल्प असला की चक्रवाढीची ताकद दिसते. शंभर वर्षांनंतर होणारा १ कोटीचा फायदा आज कितीचा?

१० टक्के दराने: ७२६ रुपये.
३.५ टक्के स्थिर दराने: ३ लाख २१ हजार रुपये.
ग्रीन बुकच्या उतरत्या दराने: ५ लाख ८ हजार रुपये.

दहा टक्क्यांचा आकडा पुन्हा पाहा. शंभर वर्षांनी गावाचं १ कोटीचं नुकसान होणार असेल, तर ते टाळायला आज ७२७ रुपयेसुद्धा खर्च करू नका, असं हा हिशेब सांगतो. शंभर वर्षांनंतरच्या व्याजदराबद्दल एवढी खात्री असेल तरच हे उत्तर पटावं. तशी खात्री कुणालाच नसते, आणि उतरत्या दराचं मुख्य समर्थन नेमकं या अनिश्चिततेतून येतं (प्रश्न ४).

४. दर उतरता का असावा? पुढच्या पिढ्यांचं हित पाहावं, एवढंच कारण आहे का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. पुढच्या पिढ्यांबद्दल काहीही भावना नसलेला, निव्वळ आकडेमोड करणारा माणूसही उतरत्या दरापर्यंत पोहोचतो. हा युक्तिवाद प्रामुख्याने अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांचा, १९९८ सालचा.

समजा येत्या शतकात खरा दर किती असेल हे आपल्याला माहीत नाही. अर्थव्यवस्था रेंगाळली तर १ टक्का, जोमाने वाढली तर ७ टक्के, आणि दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी ४ टक्के. मग ४ टक्केच लावावा असं वाटतं. पण आपल्याला सरासरी काढायची आहे ती आजच्या मूल्यांची. दरांची सरासरी काढून मग मूल्य काढलं की उत्तर चुकतं.

शंभर वर्षांनंतरचा १ रुपया घ्या. १ टक्का खरा ठरला तर तो आज ३७ पैशांचा. ७ टक्के खरा ठरला तर पैशाच्या नवव्या भागाइतका, म्हणजे जवळजवळ शून्य. दोन्हींची सरासरी साधारण साडेअठरा पैसे. एकच दर लावून हे साडेअठरा पैसे मिळवायचे, तर तो दर १.७ टक्के यावा लागतो. सरळ ४ टक्के लावला असता तर दोनच पैसे आले असते. फरक नऊपटींहून जास्त.

हीच मांडणी वेगवेगळ्या वर्षांसाठी केली की दर कसा उतरतो ते दिसतं. पहिल्या वर्षासाठी ३.९ टक्के, दहाव्यासाठी साडेतीन, पन्नासाव्यासाठी २.३, शंभराव्यासाठी १.७ आणि दोनशेव्यासाठी १.३५. कारण साधं आहे. ज्या भविष्यात दर मोठा असतो, तिथे लांबच्या रुपयाचं आजचं मूल्य इतकं घटतं की त्याचा सरासरीतला वाटाच संपतो. उरतं ते कमी दराचं भविष्य. जितकं लांब जाल, तितका दर सर्वांत कमी शक्यतेकडे सरकतो.

पुढे २००१ मध्ये वाइट्झमन यांनी २,१६० अर्थतज्ज्ञांना योग्य दर विचारला. उत्तरांची सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास आली आणि मतभेद भरपूर निघाले. त्या मतभेदांनाच अनिश्चितता मानून त्यांनी टप्पे काढले: पहिली पाच वर्षं ४ टक्के, २५ वर्षांपर्यंत ३, ७५ पर्यंत २, ३०० पर्यंत १ आणि पुढे शून्य. सरकारांनी स्वीकारलेले टप्पे याहून बरेच सावध आहेत.

५. रॅम्सेच्या सूत्रात तर उतरण कुठेच दिसत नाही. मग ती येते कुठून?

फ्रँक रॅम्से यांच्या १९२८ च्या कामातून आलेलं सूत्र असं:

`r = δ + ηg`

यात r म्हणजे डिस्काउंट रेट, δ म्हणजे लोकांची अधीरता (ब्रिटनच्या हिशेबात सगळंच उद्ध्वस्त होण्याचा धोकाही यातच मिळवला आहे), g म्हणजे दरडोई उपभोगाची वाढ आणि η म्हणजे श्रीमंत झाल्यावर जादा रुपयाची किंमत किती वेगाने घटते तो आकडा. ब्रिटनने १.५ + १ × २ असं धरून ३.५ टक्के काढला.

g निश्चित आणि कायम असेल तर r सुद्धा कायम, हे बरोबरच आहे. g अनिश्चित झाला की सूत्रात एक वजाबाकी येते: भविष्य अनिश्चित असेल तर शहाणा समाज थोडं जास्त राखून ठेवतो, म्हणून दर थोडा खाली येतो. पण एवढ्याने दर फक्त कमी होतो, उतरत नाही. उतरण येते ती वाढीतले धक्के टिकाऊ असतील तेव्हा. एखादं वर्ष वाईट गेलं आणि पुढच्या वर्षी गाडी रुळावर आली, तर शंभर वर्षांत चांगली-वाईट वर्षं एकमेकांना काटतात. पण मंदावलेली वाढ दशकानुदशकं मंदच राहिली, तर अनिश्चितता काळासोबत साचत जाते आणि ती वजाबाकीही मोठी होत जाते.

म्हणून उतरण किती तीव्र असावी, हा प्रश्न शेवटी आकडेवारीवर येतो. न्यूवेल आणि पायझर या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या दोन शतकांच्या व्याजदरांवर हा हिशेब मांडला. दर कुठेही भरकटू शकतो असं मानलं तर उतरण बरीच तीव्र निघते, आणि दर आपल्या सरासरीकडे परततो असं मानलं तर सौम्य. यातलं कुठलं गृहीत खरं, हे त्याच आकडेवारीतून ठामपणे ठरवता येत नाही. माझ्या मते उतरत्या दराच्या बांधणीतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

६. प्रत्यक्ष निर्णयात याने काय बदलतं? पुलाचं एखादं उदाहरण द्याल का?

समजा १०० कोटींत ५० वर्षं टिकणारा पूल होतो. पन्नास वर्षांनी तो पाडून तसाच पूल पुन्हा १०० कोटींत बांधावा लागेल. दुसरा पर्याय असा की आजच काँक्रीटचं आवरण वाढवायचं, गंज न धरणारी सळई वापरायची, पाया आणखी खोल न्यायचा आणि पूल १०० वर्षांचा करायचा. यासाठी आज जास्तीत जास्त किती जादा पैसे मोजावेत?

देखभाल दोन्हींची सारखीच धरली, तर उत्तर म्हणजे पन्नासाव्या वर्षी वाचणाऱ्या १०० कोटींचं आजचं मूल्य. १० टक्के दराने ते फक्त ८५ लाख येतं. म्हणजे एक टक्काही जादा खर्च नको, स्वस्तातला पूल बांधा. ३.५ टक्के स्थिर दराने १७ कोटी ९० लाख, आणि उतरत्या दराने १९ कोटी ७३ लाख.

आता हे तीन आकडे नीट तोलून पाहा. खरी उडी ८५ लाखांवरून १८ कोटींवर आहे, आणि ती दराच्या पातळीमुळे आली. उतरणीने वर घातले ते जेमतेम दोन कोटी, म्हणजे दहा टक्के. पन्नासाव्या वर्षापर्यंत उतरणीला काम करायला फक्त वीस वर्षं मिळालेली असतात. शंभराव्या वर्षी हाच फरक ५८ टक्क्यांवर जातो, आणि दीडशेव्या वर्षी उतरत्या दराचं उत्तर स्थिर दराच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्यामुळे ‘उतरता दर हवा’ म्हणून भांडणाऱ्यांनी आधी पहिल्या तीस वर्षांचा दर काय आहे, ते पाहावं.

एक सूचना. पूल बदलण्याचा खर्च म्हणजे फक्त ठेकेदाराचं बिल नव्हे. वाहतूक वळवण्यात जाणारा वेळ आणि जुना पूल अचानक कोसळण्याचा धोका, हेही त्यात येतात. महाडजवळचा सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्यावरची वाहनं माणसांसकट नदीत गेली. असे धोके खर्चाच्या बाजूलाच मांडायचे. डिस्काउंट रेटमध्ये फेरफार करून ते भरून काढायचे नाहीत (याबद्दल प्रश्न १३).

७. मग उतरता दर म्हणजे मोठ्या धरणांना मागच्या दाराने मंजुरी, असंच ना?

हा आरोप धरणविरोधी चळवळीतले वाचक करतात, आणि उलट बाजूने प्रकल्पाचे समर्थक हीच गोष्ट आशेने विचारतात. दोघांनाही आकडे निराश करतील.

आधी सरळ धरण. खर्च १०० कोटी, निव्वळ फायदा दरवर्षी साडेतीन कोटी, सलग १२५ वर्षं. स्थिर ३.५ टक्क्यांनी फायद्यांचं आजचं मूल्य ९८ कोटी ६४ लाख, म्हणजे प्रकल्प थोडक्यात नापास. उतरत्या दराने १०४ कोटी ३० लाख, म्हणजे पास. फरक सहा टक्क्यांच्या आत. कारण फायदे समान असतील तर त्यांचं बहुतेक मूल्य सुरुवातीच्या वर्षांतच असतं. उतरत्या दरानेही साठ टक्क्यांहून जास्त मूल्य पहिल्या तीस वर्षांतून येतं, आणि तिथे दोन्ही दर सारखेच आहेत.

आता गाळ भरणारं धरण. खर्च तोच, १०० कोटी. फायदा दरवर्षी ४ कोटी २० लाख, पण पाणलोटातल्या मातीने जलाशय साठ वर्षांत निकामी होतो. पुढे शंभराव्या वर्षी भिंत पाडून गाळ हलवायला १४० कोटी लागतात. स्थिर दराने फायदे १०४.७७ कोटी, पाडण्याचं आजचं ओझं ४.४९ कोटी, निव्वळ १००.२८ कोटी: पास. उतरत्या दराने फायदे १०६.५८ कोटी, पण ओझं ७.११ कोटी, निव्वळ ९९.४६ कोटी: नापास. इथे उतरत्या दराने धरण अडवलं.

याचं कारण असं की उतरता दर लांबच्या प्रत्येक गोष्टीला मोठं करतो, मग ती फायद्याची असो वा तोट्याची. ज्या प्रकल्पाची शेपटी महाग आहे, त्याला तो महागात पडतो. ही शेपटी काल्पनिक नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ मध्ये दोन धरणं झाली. त्यांनी सॅमन माशांची वरच्या पात्राकडे जायची वाट बंद केली, आणि २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणं पाडावी लागली. बांधताना हा खर्च कुणी मांडला नव्हता. मांडला असता आणि त्याला दहा टक्के दर लावला असता, तरी शंभर वर्षांनंतरचा १०० कोटींचा खर्च आज ७३ हजार रुपयांचा दिसला असता. एखाद्या उपअभियंत्याच्या महिन्याच्या पगाराएवढा.

८. एक्सेलमध्ये हे कसं मांडायचं? माझं उत्तर फारच मोठं येतंय.

मोठं उत्तर येण्याचं बहुधा एकच कारण असतं: शंभराव्या वर्षाला २.५ टक्के दर आहे म्हणून तो पहिल्या वर्षापासूनच लावला जातो. तसं केलं तर शंभर वर्षांनंतरच्या १ कोटीचं आजचं मूल्य ८ लाख ४६ हजार येतं. बरोबर उत्तर ५ लाख ८ हजार आहे. प्रत्येक दर त्याच्या टप्प्यातल्या वर्षांपुरताच लावायचा असतो. शंभराव्या वर्षाहून आज यायचं तर २५ वर्षं २.५ टक्क्यांनी, ४५ वर्षं ३ टक्क्यांनी आणि ३० वर्षं ३.५ टक्क्यांनी उतरायचं.

सोपी रीत अशी. B स्तंभात वर्ष, C मध्ये त्या वर्षाचा दर आणि D मध्ये गुणक ठेवा. दुसऱ्या ओळीत शून्य वर्षाचा गुणक १, आणि पुढे प्रत्येक ओळ वरच्या ओळीवरून काढा:

```
D2: 1
D3: =D2/(1+C3)
```

D3 खालपर्यंत ओढली की काम झालं. `NPV` फंक्शन इथे चालत नाही, कारण ते एकच दर घेतं.

चूक ओळखण्याची खूण टप्प्यांच्या सीमेवर मिळते. चुकीच्या रीतीत तिसाव्या वर्षाचा गुणक ०.३५६ येतो आणि एकतिसाव्याचा ०.४००. म्हणजे एक वर्ष उशिरा मिळणारा रुपया जास्त मोलाचा! गुणकांचा आलेख कुठेही वर जात असेल, तर हीच चूक झाली आहे.

९. भारतात धरणांसाठी कोणता दर वापरतात? महाराष्ट्रात उतरता दर चालतो का?

आपल्याकडे सिंचन प्रकल्पांची पारंपरिक पद्धत वार्षिक लाभ-खर्च गुणोत्तराची आहे. वार्षिक खर्चात भांडवलावर १० टक्के व्याज, धरणाचं आयुष्य १०० वर्षं धरून १ टक्का घसारा, आणि त्यावर देखभाल-दुरुस्ती. वार्षिक लाभ या खर्चाच्या दीडपट भरला पाहिजे, अवर्षणप्रवण भागात बरोबरीचा चालतो. यात उतरणीला जागाच नाही.

गंमत अशी की १० टक्के व्याज मान्य केलं, तर १०० वर्षांत भांडवल फेडायला वर्षाला १०.०००७ टक्के पुरतात. त्यावरचा १ टक्का घसारा जवळजवळ सगळाच जास्तीचा आहे. म्हणजे ही पद्धत प्रत्यक्षात सुमारे ११ टक्क्यांचा दर लावते, आणि शंभर वर्षांचं आयुष्य फक्त घसारा काढण्यापुरतं उरतं. पन्नास वर्षांनंतर धरणाचं काय होतं, याचा उत्तरावर जवळपास काही परिणाम होत नाही.

प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि आजही ते पाणी देतं. १९२६ मध्ये बसून १० टक्क्यांनी हिशेब केला असता, तर आजच्या आवर्तनाचं मोल कोटीला ७२६ रुपयेच निघालं असतं.

दहा टक्क्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. झपाट्याने वाढणाऱ्या आणि भांडवलाची चणचण असलेल्या देशात आज अडकवलेला रुपया दुसरीकडे खरंच जास्त कमावू शकतो. रॅम्सेच्या सूत्रात g ला ५ घातला तरी दर ६-७ टक्क्यांवर जातो. म्हणून ब्रिटनचा ३.५ उचलून इथे लावणं चूक. पण वाढ शंभर वर्षं याच वेगाने चालेल असं कुणीच म्हणत नाही, त्यामुळे ‘सुरुवात उंच, उतरण जास्त’ असा दर भारताला ब्रिटनपेक्षा अधिक शोभेल, असं मला वाटतं.

१०. ब्रिटनशिवाय आणखी कुणी हे स्वीकारलंय का?

फ्रान्सने २००५ च्या लबेग अहवालानंतर तीस वर्षांपर्यंत ४ टक्के आणि पुढे २ टक्क्यांकडे उतरता दर घेतला. नॉर्वेत पहिली ४० वर्षं ४ टक्के, ७५ वर्षांपर्यंत ३, पुढे २. फ्रान्सची नंतरची कहाणी जास्त उद्बोधक आहे, ती प्रश्न १२ मध्ये.

११. आज ठरवलेलं साठ वर्षांनी आपणच मोडू, असं होत नाही का?

होऊ शकतं, आणि हा आक्षेप भक्कम आहे. समजा एखाद्या धरणाच्या आराखड्यात असं लिहिलंय: साठाव्या वर्षी १० कोटी खर्चून भिंत मजबूत करायची, म्हणजे नव्वदाव्या वर्षी २५ कोटींचं नुकसान टळेल. आजच्या जागेवरून पाहता साठ ते नव्वद या काळात १५ वर्षं ३ टक्के आणि १५ वर्षं २.५ टक्के लागतात. १० कोटी त्या काळात २२ कोटी ५६ लाख होतात. टळणारं नुकसान त्याहून मोठं, म्हणून काम करायचं.

साठ वर्षं गेली. तेव्हाचे अधिकारी तोच तक्ता उघडतात आणि शून्यापासून मोजतात. आता ती तीस वर्षं पहिल्या टप्प्यात आली, दर ३.५ टक्के. १० कोटींचे २८ कोटी ७ लाख होतात, २५ कोटी कमी पडतात, काम रद्द. नवीन काहीच कळलेलं नाही, फक्त घड्याळ पुढे सरकलं, तरी निर्णय उलटला.

समर्थकांचं उत्तर असं: दर उतरता आहे तो अनिश्चिततेमुळे, आणि साठ वर्षांत ती अनिश्चितता बरीच फिटलेली असेल. दर १ टक्क्याचा निघाला की ७ चा, हे तेव्हा दिसेल. नवी माहिती पाहून निर्णय बदलणं गैर नाही. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण छापील तक्ता माहिती बघत नाही, तो दरवेळी शून्यावरून सुरू होतो. म्हणून लांबच्या दुरुस्तीवर अवलंबून असलेल्या प्रकल्पात एक चाचणी जरूर करावी: दुरुस्तीच्या वर्षी उभं राहून तोच हिशेब पुन्हा करायचा. निर्णय उलटत असेल, तर त्या दुरुस्तीसाठी निधी आजच वेगळा बांधून ठेवावा, नाहीतर ती होणार नाही असं धरून प्रकल्प तपासावा.

१२. वाइट्झमन यांचा युक्तिवाद उलटा करूनही मांडता येतो असं वाचलं. खरं काय?

हो. प्रश्न ४ मध्ये आपण आजच्या मूल्यांची सरासरी काढली. अर्थतज्ज्ञ क्रिस्टियान गोलिए यांनी २००४ मध्ये विचारलं: आजचा रुपया शंभर वर्षांनी किती होईल, त्याची सरासरी का काढू नये? १ टक्क्याने रुपयाचे २ रुपये ७० पैसे होतात, ७ टक्क्यांनी ८६८ रुपये. सरासरी ४३५, आणि त्यातून निघणारा दर ६.३ टक्के. म्हणजे काळासोबत दर वर चढतो! तीच अनिश्चितता, पण निष्कर्ष नेमका उलटा.

गाठ सुटली ती असं लक्षात आल्यावर की दोन्ही हिशेबांत एक गोष्ट सुटली होती: रुपया कुणाच्या हातात पडतो, श्रीमंत समाजाच्या की गरीब? ७ टक्क्यांचं भविष्य म्हणजे लोक खूप श्रीमंत झालेले, तिथे जादा रुपयाचं मोल कमी. १ टक्क्याच्या भविष्यात ते जास्त. हे वजन दोन्हीकडे नीट लावलं की दोन्ही मार्ग एकाच उत्तराला येतात. गोलिए आणि वाइट्झमन यांनी २०१० मध्ये एकत्र लिहून हे मान्य केलं: दर उतरताच.

मात्र इथून एक नवा पेच निघतो. उतरता दर हा जोखीम नसलेल्या फायद्यांसाठी आहे. रस्त्यावरच्या पुलाचा फायदा अर्थव्यवस्थेसोबत वर-खाली होतो: देश वाढला तर वाहनं जास्त, नाहीतर पूल ओस. अशा फायद्याला जोखमीचा जादा दर लागतो, आणि लांबच्या काळात ती जोखीमही वाढते. फ्रान्सच्या २०१३ च्या किने अहवालाने जोखीमरहित दर २.५ वरून २०७० नंतर १.५ टक्क्यांवर आणला, पण जोखमीचा भाग २ वरून ३ वर नेला. अर्थव्यवस्थेच्या चालीनेच चालणाऱ्या प्रकल्पाला बेरीज दोन्ही वेळी ४.५ टक्के. म्हणजे उतरण नाहीशीच झाली.

उलट पूर अडवणारी भिंत किंवा दुष्काळात पिण्याचं पाणी देणारा साठा घ्या. त्यांचा उपयोग वाईट काळातही टिकतो, कधीकधी वाढतो. त्यांना उतरत्या दराचा पूर्ण लाभ मिळायला हवा. एकाच धरणात वीज, सिंचन आणि पूरनियंत्रण असेल, तर तिन्ही फायद्यांना एकच दर लावणं हा आळस आहे.

१३. पुढे पाणी आणखी मौल्यवान होणार. मग पाण्याच्या प्रकल्पांना दर आणखी कमी लावायचा का?

नाही. पाण्याची किंमत इतर वस्तूंपेक्षा वेगाने वाढणार असं वाटत असेल, तर ती वाढ फायद्याच्या रकान्यात वर्षागणिक घाला. दर वर्षाला १ टक्का वाढ धरलीत, तर चाळिसाव्या वर्षी घनमीटरमागे धरलेली रक्कम आजच्या दीडपटीच्या थोडी खाली येईल. हे गृहीत तिथे उघड दिसतं, त्यावर कुणी हरकत घेऊ शकतं, आकडा मागू शकतं. तेच दरात मिसळलं तर त्याचा परिणाम सिमेंटच्या खर्चावर, विस्थापितांच्या भरपाईवर आणि गाळ काढण्याच्या कामावरही होतो, जिथे त्याचा काही संबंध नाही. आणि काही अहवालांत किंमतही वाढवलेली असते, दरही कमी केलेला असतो. तपासणाऱ्याने फायद्याच्या रकान्यातली वार्षिक वाढ आणि दर कमी करण्याचं लेखी कारण शेजारी ठेवून वाचावं. दोन्हीकडे ‘पाण्याची टंचाई’ लिहिलेलं सापडलं, तर एक काढून टाकायला सांगावं.